मदत हवी आहे: ‘मनी खार’ला मराठीत काय म्हणावं?

आमच्या खानापूरच्या बचत गटाच्या मसाल्याचं कन्नड नाव आहे ‘मनी खार’, म्हणजे घरचं तिखट. खाली ओळ आहे ‘बायी तुंब रुची’, म्हणजे तोंडभर चव. आता निपाणी आणि चंदगडच्या बाजारासाठी त्याच पाकिटावर मराठी नावही छापायचंय.

आधी तेच नाव देवनागरीत लिहून बघितलं. आमच्यातल्याच एकीनं ‘मनीमाऊ आणि खार’ असं वाचलं! दुसरीला ते खारट वाटलं, कारण कन्नडचा ‘खार’ तिखट असला तरी आपला ‘खारा’ मिठाचा. ‘तुंब’ तर नकोच, गटार आठवतं.

मग ओळीचं भाषांतर केलं, ‘तोंडाला चव आणणारं’. पण हे आपण तापातून उठलेल्या माणसाला म्हणतो. ‘झणझणीत’ही चालणार नाही, मिरची बहुतेक ब्याडगी, म्हणजे रंग जास्त आणि जाळ कमी. गिऱ्हाईक फसल्यासारखं होईल.

सध्या ‘घरची चटणी’वर अडलोय. मसाल्यात कांदा-लसूण आहे, त्यामुळे इकडे आणि कोल्हापूरकडे चटणी म्हटलं की हेच डोळ्यांसमोर येतं. पण थोडा माल पुण्यालाही जातो, तिथे लोक ती ताटात डावीकडे वाढून घेतील की काय!

कन्नड नाव बदलणार नाही. मराठीला दोन शब्दांपुरतीच जागा आहे, ओळीला चार.

तर ‘घरची चटणी’ ठेवून ओळीतच ‘भाजी-आमटीत घालायची’ असं सांगावं, की सरळ ‘घरचा मसाला’ करावं? पुण्याकडच्यांनो, नुसतं नाव वाचून तुम्हाला काय वाटलं?