मदत हवी आहे: इटालियन मजकुरातले फसवे शब्द, म्हणजे इंग्रजी शब्दांसारखे दिसणारे पण वेगळ्या अर्थाचे, कसे ओळखायचे?

कोल्हापुरातल्या माझ्या भाचीचं इटालियन विद्यापीठासाठीचं पत्र तपासतोय. ती इंग्रजीत विचार करून लिहिते. व्याकरण चोख, त्यामुळे स्पेलचेकला काहीच सापडत नाही. 'लिब्रेरिया'त बसून अभ्यास केला, हे लगेच खटकलं. ते पुस्तकांचं दुकान, ग्रंथालय म्हणजे 'बिब्लिओतेका'. 'एवेंतुआल्मेंते' घडून गेलेल्या गोष्टीसाठी आला, तिथंही सापडला. त्याचा अर्थ 'गरज पडल्यास, कदाचित'. तिला 'अखेरीस' म्हणायचं होतं, म्हणजे 'आल्ला फीने'.

खरी अडचण भविष्यकाळात आहे. 'एवेंतुआल्मेंते मिलानला राहीन' दोन्ही अर्थांनी बसतं. 'माझे पारेंती कोल्हापुरात राहतात' हेही तसंच: नातेवाईक की आईवडील? इंग्रजी मसुदा नाही आणि प्रत्येक शब्द तिला विचारत बसणं जमणार नाही. मग नेमके कोणते शब्द तिला विचारायचे, हे मजकुरातल्या कुठल्या खुणांवरून ठरवावं?