विषय: बडोद्यात फ्लॅट घ्यावा की भाड्यानंच राहावं?

मृणाल (गोत्री, बडोदा):
नमस्कार मंडळी, टोरंटोहून परत येऊन इथे बस्तान बसलंय पण मंडळाची लिस्ट काही सोडवत नाही. आम्ही भाड्यानं राहतोय त्याच सोसायटीत आमच्यासारखाच फ्लॅट ६० लाखांना मिळतोय. भाडं १६ हजार आहे. बँक ४८ लाख देईल, २० वर्षं, ८.५ टक्के, हप्ता साधारण ४१,६५० येतो. सात वर्षांनी मुलगी कॉलेजला गेली की बहुतेक पुण्याला जाऊ. घ्यावा का?

सुधाकरकाका (दांडिया बाजार):
घेऊन टाक पोरी. भाडं गेलं ते गेलं, हप्ता निदान आपल्याच घरात मुरतो. माझ्या मेहुण्याने मांजलपूरला घेतला तेव्हा सगळे नको म्हणत होते, आज बघ.

निखिल (टोरंटो):
शिवाय व्याजावर २ लाखांपर्यंत टॅक्सची सूट आहे, ती पण धर ना.

विद्याताई (अलकापुरी):
निखिल, ती सूट जुन्या टॅक्स रिजीममध्ये, नव्यात स्वतः राहतो त्या घराच्या व्याजाला काही मिळत नाही, तेव्हा मृणाल कुठल्या रिजीममध्ये आहे ते आधी बघायला हवं.

काका, हप्ता घरात मुरतो हे खरं, पण सुरुवातीला फार थोडा मुरतो. पहिल्या वर्षी मृणाल बँकेला जवळजवळ ५ लाख भरेल, त्यातले ४ लाख चार हजार व्याज, मुद्दलात जातील फक्त ९५ हजार. म्हणजे भाडं "गेलं" म्हणताना व्याजही गेलंच की! आणि खिशातून १२ लाख डाउन पेमेंट, वर आपल्या गुजरातची ४.९ टक्के स्टॅम्प ड्यूटी आणि १ टक्का रजिस्ट्रेशन, असे साडेपंधरा लाख निघतात (मृणाल, दस्तावेज एकटीच्या नावावर केलास तर बाईला रजिस्ट्रेशन फी माफ आहे, तेवढे ६० हजार वाचतील). हे पैसे ७ टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला लाखभर मिळाले असते, ते कुठल्या पावतीवर दिसत नाहीत म्हणून कोणी मोजत नाही. मेंटेनन्स, घरवेरा म्हणजे घरपट्टी, डागडुजीचे ५० हजार धर. मुद्दल सोडून व्याज, हे बुडालेले लाखभर आणि हा खर्च मिळून वर्षाला साडेपाच लाखांच्या वर जातात, भाड्याचे १ लाख ९२ हजार. मधल्या फरकाची भरपाई भाव वाढूनच व्हायला हवी.

सात वर्षांचा हिशेब मी शीटमध्ये मांडला, टॅक्स दोन्हीकडे सोडून दिलाय. भाव वर्षाला ५ टक्के वाढला तर फ्लॅट ८४ लाखांना जाईल, पण कर्ज तेव्हाही सव्वाएकोणचाळीस लाख बाकी असेल, ते फेडून, दलाली देऊन हातात ४४ उरतील. भाड्यानं राहून (भाडं वर्षाला ५ टक्के वाढेल असं धरून) साडेपंधरा लाख आणि दर महिन्याचा फरक, पहिल्या वर्षी जवळपास ३० हजार, ७ टक्क्यांनी ठेवत गेलीस तर ५४ होतात. दोन्ही बरोबरीला यायला भाव दरवर्षी पावणेसात टक्के वाढायला हवा.

पण हे तेव्हाच, जेव्हा फरकाचे पैसे खरंच बाजूला पडतात. ते खर्च झाले तर हातात फक्त पंचवीस लाख राहतील, मग घर घेणाराच पुढे. सुधाकरकाकांचं म्हणणं इथे खरं ठरतं, हप्ता जबरदस्तीने बचत करवतो.

स्नेहल (कारेलीबाग):
कुठे घेतेस ते जास्त महत्त्वाचं गं. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री चढली तेव्हा आमच्या पार्किंगमध्ये गाड्या बुडाल्या, आता ग्राउंड फ्लोअरला गिऱ्हाईकच येत नाही. पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते वॉचमनला विचार, दलालाला नको.

विद्याताई:
स्नेहल, मुद्दा भावाचाच आहे. मृणाल, वाढ नव्या स्कीमच्या बोर्डावरून काढू नकोस, त्यात क्लब हाऊस, नवी लिफ्ट, बिल्डरची मागणी सगळं येतं. आपली बिल्डिंग तर जुनी होत जाणार. तुमच्याच सोसायटीतला रीसेल कितीला गेला ते बघ.

मृणाल:
ताई, विचारलं. सेक्रेटरी म्हणाले की खालच्या मजल्यावरचा तसाच फ्लॅट आठ वर्षांपूर्वी ४२ लाखांना घेतलेला, आत्ता ५८ ला गेला. म्हणजे किती टक्के झाले?

विद्याताई:
चारच्या आसपास. दस्तावेजावर आकडा कमी लिहिलेला असू शकतो, म्हणून प्रत्यक्ष किती दिले ते घेणाऱ्याला विचार. आणि एकाच व्यवहारावर जाऊ नकोस, अजून दोन-तीन काढ.

सुधाकरकाका:
आणि घरमालकाने उद्या खाली करा म्हटलं तर? पोरीची दहावी चालू असताना? हे शीटमध्ये कुठे बसवलंत विद्याबाई?

विद्याताई:
नाही बसवलं काका. शिफ्टिंगचे चाळीसेक हजार धरता येतील, दहावीचं काय धरायचं ते मृणालने ठरवावं.

मृणाल:
मालकांशी तीन वर्षांच्या कराराचं बोलून बघते. ते हो म्हणाले तर एक तारखेपासून २९ हजारांची एसआयपी लावते. नाही म्हणाले तर ६० वरून ५५ ला उतरतात का ते विचारीन, ताई तेवढ्यात शीटमध्ये ५५ घालून बघाल का?