मदत हवी आहे: भागशः ऊर्ध्वपातनात डांबराची वाफ होते का? (३ गुणांचा प्रश्न)

सईची_आई
लेकीची परवा चाचणी आहे. 'पेट्रोलियमच्या भागशः ऊर्ध्वपातनातून मिळणारे घटक व त्यांचे उपयोग लिहा' हा प्रश्न नक्की येणार म्हणे. क्रम तिला पाठ आहे: वर गॅस, मग पेट्रोल, रॉकेल, डिझेल, वंगणतेल आणि तळाशी डांबर. पण काल तिने मलाच पेचात पकडलं. तेल भट्टीत साधारण ३५० अंशांपर्यंतच तापवतात आणि वहीत डांबरापुढे '३५० च्या वर' लिहिलंय. मग त्याची वाफ झाली कशी? आणि पेट्रोलची वाफ सगळ्यांत आधी होते, तर ते पहिल्याच मजल्यावर का नाही मिळत?

घाटावरचा
सोपं आहे ताई. पेट्रोलची वाफ हलकी म्हणून वर जाते, डांबराची जड म्हणून खाली बसते. सगळा वजनाचा खेळ.

महूलकर
घाटावरचा, क्रम बरोबर, कारण चुकलं. मनोऱ्यात वाफा वजनानुसार थर करून बसत नाहीत, सगळ्या मिसळूनच वर जातात. मनोरा तळाशी तापलेला असतो आणि वर वर थंड होत जातो. ज्या उंचीवर तापमान एखाद्या घटकाच्या उत्कलनांकाखाली उतरतं, तिथे तो द्रव होऊन ताटावर साचतो.

सईला दोनच रेणूंची वाट दाखवा. पेट्रोलमधलं हेक्झेन ६९ अंशांना उकळतं, डिझेलमधलं सोळा कार्बनचं हेक्झाडेकेन २८७ ला. भट्टीतून निघताना दोघांचीही वाफच असते. हेक्झाडेकेन थोडं वर गेलं की त्याला पुरेशी उष्णता उरत नाही, ते डिझेलच्या ताटावर उतरतं. हेक्झेनला मात्र तिथे द्रव व्हायला जागाच नाही, सगळीकडे ६९ पेक्षा गरम. म्हणून ते माथ्यापर्यंत जातं. प्रत्यक्षात माथासुद्धा शंभराच्या वरच असतो, त्यामुळे पेट्रोलचा हा भाग वाफ म्हणूनच बाहेर पडतो आणि शेजारच्या शीतकात द्रव होतो. तिथेही जो द्रव होत नाही तो गॅस. त्यातलाच प्रोपेन-ब्युटेन दाबाखाली भरला की घरचा सिलिंडर.

आता डांबर. सईची शंका रास्त आहे. त्याची वाफ होतच नाही. बाकीचं उडून गेल्यावर जे द्रवच राहतं ते तळाशी ओघळतं, डांबर त्यातच असतं. मग तेल आणखी का तापवत नाहीत? कारण त्याहून फार वर नेलं की उकळण्याआधीच मोठे रेणू तुटू लागतात आणि नळ्यांमध्ये कोळशासारखा कोक धरतो. म्हणून हा गाळ दुसऱ्या मनोऱ्यात नेतात. तिथला दाब हवेच्या दाबाच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो, त्यामुळे वंगणाचा भाग कमी तापमानातच उडतो आणि खाली उरतं ते रस्त्याचं डांबर.

ट्रकवाला_नाना
विषय निघालाच आहे तर विचारतो. लेहच्या बाजूला थंडीत गाडीचं डिझेल गोठलं होतं, फिल्टरमध्ये पांढरं मेणासारखं. भेसळ असते का ही?

महूलकर
भेसळच असेल असं नाही, नाना. डिझेलच्या ताटावर एकच पदार्थ नसतो, साधारण २५० ते ३५० अंशांच्या दरम्यान उकळणारं सगळं तिथे येतं. त्यातले सर्वांत जड सरळ साखळीचे रेणू थंडीत मेणासारखे गोठतात. वरची मर्यादा खाली आणली तर मेण घटतं, पण डिझेलही कमी हाती लागतं. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं डिझेल आणलं, ते याच अडचणीवर.

प्रयोगवही
मी शाळेत शिकवते. पेपरात एवढं पुरे: कच्चे तेल तापवून मनोऱ्यात सोडतात, घटक उत्कलनांकानुसार वेगवेगळ्या उंचीवर द्रव होतात, मग उतरत्या क्रमाने घटक आणि प्रत्येकाचा एक उपयोग. गॅस स्वयंपाकाला, पेट्रोल दुचाकी-मोटारींना, रॉकेल दिवे-स्टोव्हला आणि शुद्ध करून विमानाला, डिझेल ट्रक, ट्रॅक्टर, रेल्वेला, वंगणतेल यंत्रांना, डांबर रस्त्यांना. मुलं उपयोग लिहितात आणि 'उत्कलनांक' हा शब्दच विसरतात, तिथे गुण जातो.

सईची_आई
सगळ्यांचे आभार. सई म्हणते, घटक असे एकमेकांत मिसळलेलेच असतात तर रॉकेलमध्ये पेट्रोल राहिलं तर?

महूलकर
थोडं राहतंच. म्हणून ताटावरून काढलेल्या रॉकेलमध्ये बाजूच्या छोट्या मनोऱ्यात पाण्याची वाफ सोडून हलका भाग हाकलतात. राहून गेला की लगेच कळतं: रॉकेल ठरल्यापेक्षा कमी तापमानाला ठिणगीने भपका धरतं. आपल्याकडे ती मर्यादा किमान ३५ अंशांची आहे. दिव्यात असलं रॉकेल घालणं जिवावर बेतू शकतं.

आणि प्रयोगवही, एक राहिलं. मनोऱ्यातून निघतो तो नॅफ्था, तो पुढे प्रक्रिया केल्याशिवाय पंपावर चालत नाही. मग 'पेट्रोल' लिहायचं का?

प्रयोगवही
शाळेत 'पेट्रोल'च लिहावं.

घाटावरचा
चुकीचं आहे हे माहीत असून?

प्रयोगवही
चुकीचं नाही, अपुरं आहे. 'पेट्रोल (नॅफ्था)' असं लिहिलं तर मी गुण देईन. दुसरा परीक्षक देईल का, ते नाही सांगता येत.