‘लिमिट्स ऑफ ॲग्रीमेंट’ मराठीत कसं लिहावं?

मृण्मयी: एका शोधनिबंधाचा मराठी गोषवारा लिहितेय. बोटाला चिमटा लावून, सुई न टोचता हिमोग्लोबिन दाखवणारं यंत्र आणि प्रयोगशाळेतला ॲनालायझर यांची तुलना आहे. 60 गरोदर बायका, प्रत्येकीची दोन्ही मोजमापं एकाच वेळी. त्यात प्रत्येकीच्या दोन मोजमापांतला फरक त्यांच्या सरासरीसमोर ठिपक्यानं दाखवणारा ब्लँड-आल्टमन आलेख आहे. आलेखाखाली मी लिहिलं, ‘पूर्वग्रह −0.4, सहमतीच्या मर्यादा −2.16 ते +1.36’. आईनं वाचून विचारलं, ‘यंत्राला कसला गं पूर्वग्रह?’ तेव्हा ‘बायस’ आणि ‘लिमिट्स ऑफ ॲग्रीमेंट’ यांना शब्द सुचवा. एकक ग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. मूळ आकडे इथं देता येत नाहीत म्हणून उदाहरणापुरते बदललेत.

निखिल: पूर्वग्रह नकोच. हिंदी पुस्तकांत ‘अभिनति’ असतं, तेच घ्या. ‘मर्यादा’ चांगला आहे, राहू दे. सहसंबंध गुणांक मात्र जुळणीचा पुरावा म्हणून देऊ नका. यंत्र प्रत्येकीला बरोबर 2 ग्रॅम जास्त दाखवत असलं तरी गुणांक 1 येईल. त्यापेक्षा ‘60 पैकी 57 ठिपके मर्यादेत, म्हणून जुळणी उत्तम’ असं सरळ लिहून टाका.

देशपांडे सर: निखिल, सहसंबंधाबद्दल अगदी बरोबर. ब्लँड आणि आल्टमन यांचा 1986 सालचा ‘लॅन्सेट’मधला लेख त्याच सवयीविरुद्ध होता. पण तुमचं शेवटचं वाक्य कुठल्याही यंत्राबद्दल लिहिता येईल, अगदी भंगारात काढलेल्यासुद्धा. त्या दोन रेषा येतात कुठून? फरकांची सरासरी घ्यायची आणि फरकांच्या प्रमाण विचलनाची 1.96 पट तिच्या वर आणि खाली जायचं. मृण्मयीच्या आकड्यांत प्रमाण विचलन 0.9 दिसतं. ते 3 असतं, तर रेषा दूर सरकल्या असत्या आणि तरीही जवळपास 95 टक्के ठिपके आतच पडले असते. ठिपके आत पडावेत म्हणूनच त्या रेषा तिथं काढलेल्या असतात.

म्हणून ‘मर्यादा’ या शब्दाचीच मला धास्ती वाटते. मराठीत मर्यादा म्हटलं की ओलांडू नये अशी, कुणीतरी घालून दिलेली हद्द डोळ्यांसमोर येते. इथं कुणी काही घालून दिलेलं नाही. माहितीतून जे निघालं ते मांडलंय. किती फरक चालेल हे वेगळं ठरवावं लागतं. ते डॉक्टरांनी ठरवायचं, आणि मोजमापं घेण्याआधी.

वैशाली कुलकर्णी: माझ्या घरच्या बीपी मशीनवर 146 आलं आणि त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे 132. म्हणजे मशीनमध्ये 14 चा बायस आहे असं म्हणायचं का? बदलून घेऊ का?

देशपांडे सर: वैशालीताई, एका फरकाला बायस म्हणत नाहीत, पुष्कळ फरकांच्या सरासरीला म्हणतात. आणि तुमची दोन मोजमापं वेगवेगळ्या वेळची आहेत. मधल्या काळात रक्तदाबच बदललेला असू शकतो. मशीन सोबत घेऊन जा आणि तिथंच पाचेक मिनिटं शांत बसून, पाठोपाठ दोन्हीवर मोजून घ्या. तरी सांगतो, बीपी यंत्रांच्या आयएसओ 81060-2 या मानकात किमान 85 माणसं लागतात, सरासरी फरक 5 च्या आत आणि प्रमाण विचलन 8 च्या आत. सरासरी फरक शून्य आणि विचलन 8 धरलं, तरी एकेका मोजमापात 15-16 चा फरक दोन्ही बाजूंना येऊ शकतो.

मृण्मयी: मग आमच्या निबंधात चालणारा फरक किती, ते कुठंच लिहिलेलं नाही. चर्चेत फक्त ‘जुळणी समाधानकारक’ आहे.

डॉ. फरझाना: मी प्रयोगशाळेत काम करते, माझ्या बाजूनं बघा. फरक ‘यंत्र वजा प्रयोगशाळा’ असा काढलाय ना? ते उभ्या अक्षावर लिहा, नाहीतर उणे चिन्हाला अर्थ नाही. आता यंत्रानं 8.0 दाखवलं असं धरा. प्रयोगशाळेतलं खरं मूल्य साधारण 6.6 पासून 10.2 पर्यंत कुठंही असू शकतं. गरोदरपणात 7 च्या खाली तीव्र रक्तक्षय धरतात. म्हणजे जिला तातडीनं रुग्णालयात पाठवायचं, तिला गोळ्या देऊन घरी पाठवलं जाईल. −0.4 हा आकडा गोंडस दिसतो, पण निर्णय त्या टोकांवर ठरतो.

मृण्मयी: बाप रे. अजून एक, आलेखात डावीकडचे ठिपके बहुतेक शून्याच्या वर आहेत आणि उजवीकडचे खाली. त्याला काही नाव आहे का?

देशपांडे सर: नावापेक्षा त्याचा परिणाम मोठा आहे. कमी हिमोग्लोबिन असलेल्या बायकांना यंत्र जास्त दाखवतंय आणि जास्त असलेल्यांना कमी. सगळ्यांना मधल्या आकड्याकडे ओढतंय. दोन्ही बाजू एकमेकींना खोडून काढतात आणि उरतं −0.4, जे डावीकडच्या कुणालाच लागू पडत नाही. फरझानाताईंचं 6.6 सुद्धा मग आशावादी ठरेल. अशा वेळी आडव्या रेषा काढणं चूक. फरकाचं सरासरीवर समाश्रयण करून तिरकी रेषा काढावी आणि तिच्या दोन्ही बाजूंना तिरक्या टोकरेषा द्याव्यात. 1999 च्या लेखात ब्लँड आणि आल्टमन यांनीच ते सांगितलंय. हिमोग्लोबिन वाढेल तसा फरकांचा नरसाळ्यासारखा पसारा असता, तर लॉग घेऊन गुणोत्तरात मांडायला सांगितलं असतं. इथं तसं दिसत नाही.

डॉ. फरझाना: सर, आडव्या अक्षावर दोन्हींची सरासरी कशाला? ॲनालायझर हाच आमचा प्रमाण. त्याचंच मूल्य घ्यावं.

देशपांडे सर: ॲनालायझरलाही थोडी चूक असते. ती आडव्या अक्षावर येते आणि उलट्या चिन्हानं फरकातही, त्यामुळे काही नसताना उतार दिसू लागतो. सरासरी घेतली की तो धोका बराच कमी होतो.

डॉ. फरझाना: आमच्या ॲनालायझरची चूक यंत्राच्या मानानं नगण्य आहे. शिवाय ‘खरं मूल्य 7 असताना यंत्र काय दाखवतं’ हाच दवाखान्यातला प्रश्न आहे. सरासरीच्या अक्षावर तो दिसत नाही. मला पटलेलं नाही.

निखिल: दोन्ही आलेख द्या की, एक पुरवणीत. आणि सर, 95 टक्क्यांचा मुद्दा मान्य. पण त्या रेषाही 60 जणींवरूनच काढलेल्या, मग त्याही डळमळीत नाहीत का?

देशपांडे सर: आहेतच, आणि बायसपेक्षा जास्त. बायसची प्रमाण त्रुटी `s/√n`, टोकरेषांची साधारण `√(3/n) × s`; `s` म्हणजे फरकांचं प्रमाण विचलन, `n` म्हणजे बायकांची संख्या. म्हणजे वरची रेषा 1.36 असली, तरी तिचा विश्वास अंतराल साधारण 0.96 ते 1.76. तो आलेखावर पट्टीसारखा रंगवतात. उतार मान्य केला की हे गणित बदलेल, पण गोषवाऱ्यात आडव्या रेषा राहणार असतील तर एवढं तरी हवं.

मृण्मयी: उताराबद्दल लेखकांना आज लिहिते, आकृती बदलायची की नाही, ते त्यांनी ठरवावं. तूर्त मजकूर असा: ‘यंत्राचं मोजमाप प्रयोगशाळेपेक्षा सरासरी 0.4 ने कमी येतं. सुमारे 95 टक्के स्त्रियांमध्ये हा फरक 2.16 ने कमी ते 1.36 ने जास्त या पट्ट्यात अपेक्षित आहे.’ बायसला ‘सरासरी फरक’ आणि लिमिट्सना ‘फरकाचा पट्टा’.

डॉ. फरझाना: ‘पट्टा’ आवडला. पण कंसात ‘लिमिट्स ऑफ ॲग्रीमेंट’ एकदा द्या, नाहीतर मूळ निबंध शोधणाऱ्याला सापडणार नाही.

निखिल: मी अजून ‘अभिनति’च्या बाजूनं. ‘सरासरी फरक’ म्हटलं की फरक एका ठरावीक बाजूला झुकलाय हे जाणवत नाही.

वैशाली कुलकर्णी: मशीन घेऊन दवाखान्यात जाऊन आले. पाठोपाठ मोजलं तर 138 आणि 134. नर्सबाई म्हणाल्या, आधी जिना चढून आल्यावर लगेच मोजलं असेल.