मदत हवी आहे : रविवारच्या कार्यशाळेसाठी ट्रायपॉड

मंडळी, रविवारी संध्याकाळी साडेपाचला इंदूरच्या कृष्णपुरा छत्र्यांपाशी नवशिक्यांसाठी मॅन्युअल मोडची कार्यशाळा आहे, नक्की या. कॅमेरा, भरलेली बॅटरी आणि रिकामं कार्ड आणा.

अडचण ट्रायपॉडची आहे. दिवेलागणीला f/5.6, ISO 800 वर शटर 1/15 सेकंदापर्यंत उतरतं आणि हातात धरून फोटो हलतो. 1/60 करायचं तर ISO 3200 लागतो, मग सावल्यांत दाणे दिसतात. ISO 100 ठेवला तर शटर अर्ध्या सेकंदावर जातं. दगडावरची नक्षी स्वच्छ येते, पण कॅमेरा स्थिर हवा. हा फरक प्रत्येकाने स्वतः करून पाहावा असं मला फार वाटतं.

जास्तीचा ट्रायपॉड कोण देऊ शकेल? कॅमेऱ्याखाली बसणारी प्लेट सोबत असू द्या, तिच्याविना उपयोग नाही.