मदत हवी आहे : अंतिम फेरीनंतरच्या नकारातून नेमका अभिप्राय कसा मिळवावा?

नमस्कार. मी ऐरोलीत राहतो आणि बॅकएंड डेव्हलपर म्हणून काम करतो. महापे येथील एका कंपनीच्या अंतिम फेरीनंतर मला नकार कळवण्यात आला. एचआरच्या ईमेलमध्ये ‘अन्य उमेदवार अधिक योग्य वाटला’ एवढेच होते, म्हणून मी आभार मानून, निर्णय बदलण्याची विनंती न करता, ‘सिस्टिम डिझाइनच्या फेरीत माझ्या उत्तरात कोणती गोष्ट कमी पडली?’ असा एकच प्रश्न विचारला. सर्वसाधारण अभिप्राय मागितला की बहुधा सर्वसाधारणच उत्तर येते, असे माझे मत आहे.

‘पर्यायांची तुलना दिसली नाही’ असे उत्तर आले. त्या फेरीत एकच आसन दोघांनी एकाच वेळी आरक्षित करू नये, यासाठी मी डेटाबेसमधील नोंद लॉक करण्याचा मार्ग मांडला होता. पैसे भरण्यास ग्राहकाला काही मिनिटे लागत असतील, तर तेवढा वेळ लॉक धरून ठेवल्याने इतर व्यवहार अडतात; त्याऐवजी आसन ठरावीक मुदतीपुरते राखून ठेवता येते, पण मग मुदत संपल्यावर पैसे जमा झाल्यास काय करायचे, हेही ठरवावे लागते. आता मी प्रत्येक सराव-प्रश्नात दोन मार्ग, निवडीचे कारण आणि निवडलेल्या मार्गाचा तोटा मोठ्याने बोलून ध्वनिमुद्रित करतो.

मुलाखती घेणाऱ्यांना विचारायचे आहे : ही तुलना उमेदवाराने आपणहून मांडावी की विचारल्यावर? तसेच, त्याच कंपनीत पुन्हा अर्ज करताना या अभिप्रायाचा उल्लेख करणे उचित ठरेल का?