रीलमध्ये बेस्ट शॉट आधी की शेवटी?

स्वप्ना: माझी अ‍ॅनिमेशनची डेमो रील २ मिनिटं १० सेकंदांची झालीय. बॉल बाउन्स, वॉक सायकल, कार मॉडेल, पेटी उचलायचा शॉट आणि सगळ्यात शेवटी डायलॉग, म्हणजे माझी प्रगती दिसेल. ज्युनियर अ‍ॅनिमेटरच्या जॉबसाठी पाठवू ना?

कीफ्रेमवाला: नको! हे "प्रगती दिसेल" वाचलं की डोकं फिरतं माझं. मी लीडसोबत रील बघायला बसलोय, पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत काही दिसलं नाही की पुढची लिंक उघडतात, आणि तुझा बॉलच १८ सेकंद उड्या मारतोय. पेटी पहिली टाक. उचलायच्या आधी कंबर खाली आणि मागे जाते, मग वजन डाव्या पायावर येतं, ते खरं वाटतं. डायलॉगमध्ये ओठ जुळलेत पण कंबर खिळ्याला टांगल्यासारखी, ती सुधारून शेवटी ठेव. मध्ये वॉक सायकल, तीन-चार पावलं पुरे. बॉल आणि कार काढ. पस्तीसेक सेकंदांत संपव.

मंदार: शेवटचंच लक्षात राहतं, त्यामुळे बेस्ट शेवटीच हवा.

कीफ्रेमवाला: शेवटपर्यंत कोणी बघितलं तर ना! शेवटी दोन नंबरचा ठेवायचा.

प्राजक्ता: कार का काढायची? मला टर्नटेबलवरच जॉब मिळाला.

कीफ्रेमवाला: तू मॉडेलर आहेस ताई, ती अ‍ॅनिमेशनला अप्लाय करतेय.

ओंकार: ऑर्डरचं सोडा, आमच्या इन्स्टिट्यूटने अख्ख्या बॅचला एकच रिग आणि एकच ऑडिओ दिला. इंटरव्ह्यूत मला विचारलं, हा शॉट सकाळीच बघितला, तुझं यात काय? लाखभर फी भरून हे ऐकायचं?

मंदार: रिगला दोष देऊ नकोस, फ्री रिग सगळेच वापरतात. शॉट वेगळा करणं तुझ्या हातात होतं.

ओंकार: सरांनी ब्लॉकिंगसुद्धा स्वतःचंच कॉपी करायला लावलं, वेगळं केलं की मार्क कापायचे! तुला काय माहीत? उगाच शिकवू नकोस.

मंदार: बरं, ब्लॉकिंगही दिलं असेल तर तुझं खरंय. तरी तो शॉट रीलमध्ये टाकायचा निर्णय तुझाच होता.

कीफ्रेमवाला: ओंकार, तोच ऑडिओ असू दे पण पोझ नवीन कर, आधी स्वतः अ‍ॅक्टिंग करून मोबाइलवर शूट कर. माझ्या पहिल्या रीलमध्ये डायलॉग पुढे होता, लीडने पॉज करून बाणाच्या बटणाने एकेक फ्रेम पुढे नेली, टेकलेला पाय सहा फ्रेम सरकत होता. बाकी रील बघितलीच नाही.

स्वप्ना: कार काढते, पण बॉल काढवत नाहीये दादा, स्पेसिंग त्यातच सगळ्यात स्वच्छ आलंय.

कीफ्रेमवाला: मग पेटीनंतर चार सेकंद ठेव. मी काढलाच असता.

प्राजक्ता: मी ठेवला असता.